पडद्याचं वजन नेमकं कुठे उतरतं?

नव्या घरात पडदे घेताना दुकानात तास-दोन तास जातात ते कापडापुढे. रंग, नक्षी, सोफ्याशी मेळ. रॉडची पाळी अगदी शेवटी येते, आणि ‘एक इंची स्टीलचा द्या’ म्हटलं की तोही विषय संपतो. मग सहा महिन्यांत रॉड मध्यात बाक धरतो, किंवा एका टोकाचा ब्रॅकेट गिलाव्याचा तुकडा घेऊन खाली येतो. यात कापडाचा दोष नसतो. आपण वजनाचा हिशोबच मांडलेला नसतो, एवढंच. तो अवघड नाही, म्हणून इथे एका उदाहरणावर करून बघू.

समजा, दिवाणखान्यातून बाल्कनीत जाणारा सरकता काचेचा दरवाजा ८ फूट रुंद आहे. पडदा बाजूला केला की तो काचेवर न राहता भिंतीवर जाऊन बसावा, म्हणून रॉड दोन्हीकडे अर्धा अर्धा फूट जास्त, म्हणजे ९ फुटांचा घ्यायचा. चुण्या नीट पडायला कापड रॉडच्या दुप्पट लागतं, म्हणजे १८ फूट, मीटरमध्ये साडेपाच. दुमड धरून उंची २.४ मीटर. एकूण कापड झालं सुमारे १३ चौरस मीटर.

आता कापडाचं वजन. दुकानदार ज्याला जीएसएम म्हणतात, ते म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. झिरझिरीत पडद्याचं ते ८०च्या आसपास असतं, मध्यम जाड जॅकार्डचं २५०, मखमलीचं त्याहून जास्त. आपल्या उदाहरणात २५०चं कापड घेतलं तर सव्वातीन किलो होतं. दुपारचं ऊन अडवायला मागे २०० जीएसएमचं ब्लॅकआउट अस्तर लावलं की आणखी अडीच किलोंहून थोडं जास्त. रिंगा आणि शिलाई धरून पुढचा पडदा ६ किलोंचा झाला. मागच्या झिरझिरीत पडद्याचा एक किलो वेगळा. जुनेच पडदे पुन्हा लावायचे असतील तर गणितही नको. सामानाच्या बॅगा तोलायच्या काट्याला लटकवून वजन बघावं. धुतलेला ओला पडदा रॉडवरच वाळत घालायची सवय असेल, तर मात्र हे वजन बरंच वाढतं, हे लक्षात ठेवायला हवं.

हे ६ किलो ९ फुटांच्या रॉडवर फक्त दोन टोकांच्या आधाराने टांगले तर काय होईल? पाऊण इंची, अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा स्टील पाइप मध्यात साधारण ७ सेंटीमीटर खाली येतो. एक इंची, ०.८ मिलिमीटर जाडीचा पाइप २ सेंटीमीटरच्या आसपास. दोन्ही पाइप दुकानात ‘स्टीलचा रॉड’ म्हणूनच मिळतात, म्हणून व्यासाबरोबर पत्र्याची जाडीही विचारावी. तरीही खरा उपाय जाड पाइप नाही, मधला ब्रॅकेट आहे. दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं की बाक सोळा पटींनी कमी होतो. म्हणूनच मध्ये एक आधार दिल्यावर तोच एक इंची रॉड डोळ्यांना सरळ दिसतो. जड पडदा असेल तर मधल्या आधाराशिवाय पाच-सहा फुटांपलीकडे जाऊ नये, असं माझं मत आहे.

मात्र मधला ब्रॅकेट आला की रिंगांचा पडदा त्याच्या पलीकडे सरकत नाही. दोन पडदे मध्यात मिळून दोन बाजूंना उघडत असतील तर अडचण नाही. ब्रॅकेट बरोबर त्यांच्या मिळण्याच्या जागी येतो. पण सबंध पडदा एकाच बाजूला ओढायचा असेल, तर रिंगांचा रॉड ही निवडच चुकते. तिथे ट्रॅक हवा, आणि पडद्याला वर रिंगा न लावता चुण्यांची पट्टी आणि हूक लावावे लागतात. शिंप्याकडे कापड देण्याआधीच हे ठरलं पाहिजे. आयलेटची भोकं पाडली की परत फिरता येत नाही.

रॉड टिकला तरी भार शेवटी भिंतीलाच पेलायचा असतो. पडदे लावलेले असताना निम्म्याहून अधिक वजन मधल्या ब्रॅकेटवर येतं. उघडून बाजूला केले की तेच टोकांच्या ब्रॅकेटवर सरकतं. शिवाय ब्रॅकेट भिंतीपासून जितका पुढे, तितकी वरच्या स्क्रूवर ओढ जास्त. दोन पडद्यांच्या दुहेरी ब्रॅकेटमध्ये जड पडदा पुढच्या, म्हणजे भिंतीपासून सुमारे १६ सेंटीमीटर लांबच्या रॉडवर असतो. टोकाला साडेतीन किलो आले आणि ब्रॅकेटच्या पट्टीच्या तळापासून वरचा स्क्रू ५ सेंटीमीटरवर असला, तर तो स्क्रू सुमारे ११ किलोंच्या जोराने भिंतीतून बाहेर ओढला जातो. म्हणून दुहेरी ब्रॅकेट घेताना भिंतीला टेकणारी पट्टी उभी, लांब आणि स्क्रूची भोकं वर-खाली असलेली बघून घ्यावी. लहान गोल चकतीचा ब्रॅकेट दिसायला नाजूक असतो, पण तो एकेरी, हलक्या पडद्यासाठी.

हा स्क्रू कशात बसलाय, यावर सगळं अवलंबून आहे. गिलावा जेमतेम १२-१५ मिलिमीटर असतो. त्यावर जिप्समचा थर असला तरी तो आधाराच्या कामाचा नाही. आधार त्यामागे असतो. दार-खिडकीच्या लगेच वर बहुतेक ठिकाणी काँक्रीटचं लिंटेल असतं. तिथे ड्रिलला जोर लागतो, भुकटी करडी येते, आणि गिट्टी एकदा बसली की बसली. पण लिंटेल चौकटीच्या बाहेर थोडंच जातं. टोकाचा ब्रॅकेट त्याच्याही पलीकडे गेला तर तिथे वीट किंवा ब्लॉक लागतो. लाल भुकटी म्हणजे वीट. गिलाव्यानंतर ड्रिल अलगद आत शिरलं आणि पांढुरकी, मऊ भुकटी पडली, तर ती हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची भिंत. त्यात हॅमर बंद ठेवून भोक पाडावं आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारी लांब गिट्टी वापरावी. साधी छोटी गिट्टी तिथे फिरत राहते. स्क्रू आवळताना घट्ट न होता नुसताच फिरू लागला, तर काम तिथेच थांबवावं. काड्यापेटीची काडी भोकात कोंबून वेळ भागवू नये. नंतर पट्टीच्या वरच्या कडेला भिंतीपासून फट दिसू लागली, तर तो ब्रॅकेट निघण्याच्या वाटेवर आहे.

दरवाजावर स्लॅबपर्यंत मोकळी जागा असेल, तर अशा रुंद दरवाजाला मी छताला लावायचा अॅल्युमिनियमचा दुहेरी ट्रॅक निवडेन. त्यात पुढे आलेल्या ब्रॅकेटची ओढच उरत नाही. दर दीड फुटाला स्क्रू घेतला तर ९ फुटांत सात स्क्रू येतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला किलोभराच्या आसपासच वजन येतं. पण फॉल्स सीलिंग असेल तर सावध राहावं. जिप्समचा बोर्ड हे वजन धरत नाही. सीलिंगचं काम चालू असतानाच सुताराकडून ट्रॅकच्या रेषेत वर प्लायची पट्टी पक्की करून घ्यावी लागते.

समुद्राजवळच्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मुलामा दिलेला लोखंडी रॉड खाऱ्या हवेत लवकर गंजतो आणि पडद्यावर तांबूस डाग पाडतो. चुंबक लावून लोखंड ओळखता येतं. पण २०२ आणि ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही, आणि गंजाला जास्त टिकते ती ३०४. तेव्हा प्रत विचारून ती बिलावर लिहून घ्यावी. अॅल्युमिनियमचा ट्रॅक असला तरी त्याचे स्क्रू लोखंडी नसावेत.

बसवायला माणूस आला की त्याने ड्रिल सुरू करताच पहिल्या भोकातून पडणारी भुकटी स्वतः बघा, आणि गिट्टी त्यानंतरच निवडायला सांगा.