‘बाहेर गेलाय’ की ‘बाहेरगावी गेलाय’?

रशियन कथेत एक प्रसंग आहे असं धरू. कोणीतरी दार ठोठावतं आणि विचारतं, ‘इव्हान आहे का?’ आतून एका शब्दात उत्तर येतं. तो शब्द ‘उशोल’ असेल तर पाहुणा थोडा वेळ थांबून पाहील, कारण इव्हान पायी बाहेर पडलाय आणि बहुधा जवळच कुठेतरी असेल. शब्द ‘उयेखल’ असेल तर थांबण्यात फारसा अर्थ नाही. तो गाडीने गेलाय, बहुतेक गाव सोडून. इंग्रजी अनुवादात दोन्हींचं सहज एकच वाक्य होतं. मराठी अनुवादकानेही दोन्हीकडे ‘तो गेला’ लिहिलं, तर नुसता फरक पुसला जाणार नाही, वाचकाच्या मनात भलतीच शंकाही येईल. आपल्याकडे ‘तो गेला’ म्हणजे काय, हे सांगायला नको. खरं तर नेमकी जोडी आपल्या घराघरांत आहे: ‘बाहेर गेलाय’ आणि ‘बाहेरगावी गेलाय’. यात पाय आणि गाडी यांचा उल्लेख नाही, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला जे कळायला हवं ते कळतं.

रशियनमध्ये आपल्या ‘जाणे’सारखं सगळ्यांना पुरणारं क्रियापद नाही. पायी जाण्याचं वेगळं, वाहनाने जाण्याचं वेगळं. मात्र नियम वाटतो तितका काटेकोर नाही. संध्याकाळी गावातल्याच नाटकाला निघालेला मॉस्कोकर मेट्रोने जाणार असला तरी पायी जाण्याचं क्रियापद वापरतो, कारण तिथे कसं जायचं हा मुद्दाच नसतो. पण दुसऱ्या शहराला जाताना तेच क्रियापद वापरलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की हा चालत निघाला. आणखी एक गंमत म्हणजे बस आणि आगगाडी स्वतः ‘इद्योत’, म्हणजे पायी जाण्याच्याच क्रियापदाने जातात. वाहनाचं क्रियापद लागतं ते आत बसलेल्या प्रवाशाला.

अनुवादक जास्त फसतो तो दुसऱ्या भेदात. एका दिशेने चाललेली हालचाल आणि जाऊन परत येणं किंवा वरचेवर जाणं यांसाठीही रशियनमध्ये वेगळी क्रियापदं आहेत. ‘पशोल’ म्हणजे दुकानाकडे निघाला, अजून आलेला नाही. ‘खदील’ म्हणजे जाऊन आला. इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याच्या हाती दोन्हीकडे ‘गेला’ येतं. मग पुढच्या ओळीत तोच माणूस घरात चहा पिताना दिसतो आणि वाचक गोंधळतो. मूळ रशियन समोर असेल तर अशी अडचण नाही. ‘जाऊन आला’ किंवा ‘गेला होता’ हे आपलं रोजचंच बोलणं आहे. या बाबतीत इंग्रजीपेक्षा मराठी रशियनला जवळची आहे, असं मला ठामपणे वाटतं.

उलट दिशेने, मराठीतून रशियनमध्ये जाताना अनुवादकाला मुळात नसलेली माहिती शोधावी लागते. ‘वहिनी माहेरी गेल्या’ हे वाक्य घ्या. माहेर त्याच गावात आहे की एसटीने जावं लागतं? त्या परत आल्या का? हे कळल्याशिवाय रशियन क्रियापद निवडता येत नाही, म्हणून दहा पानं मागेपुढे चाळावी लागतात. ‘आजोबा दरवर्षी वारीला जात’ या वाक्यात तर चुकीला भरपूर जागा आहे. अंतर मोठं, गाव दुसरं, म्हणून वारी माहीत नसलेला अनुवादक वाहनाचं क्रियापद घालेल आणि आजोबांना पंढरपूरपर्यंत गाडीत बसवेल. इथे पायी जाण्याचं, वरचेवर जाण्याचं क्रियापदच हवं. ते कळायला व्याकरणापेक्षा वारी ठाऊक असावी लागते.

12 एप्रिल 1961 रोजी यान उडताना युरी गागारिन म्हणाले, ‘पयेखली!’ हे उडण्याचं क्रियापद नव्हे. घोडागाडी हलताना किंवा मोटार सुरू होताना रशियन माणूस जे म्हणतो, तेच. रूप भूतकाळी अनेकवचनी, अर्थ मात्र आत्ता निघण्याचा. इंग्रजीत त्याचं ‘चला, जाऊया’ अशा अर्थाचं वाक्य करतात आणि भूतकाळ सोडून देतात. मराठीला तो सोडावा लागत नाही. उंबऱ्याच्या आत उभं राहून आपण ‘येतो, निघालो’ म्हणतोच. त्यातलं वाहन तेवढं आपल्या शब्दात येत नाही. तरीही गागारिन यांच्या त्या शब्दासाठी ‘चला, निघालो!’ हाच अनुवाद मी निवडेन.