सातवाहनांपासून महाराष्ट्रापर्यंत : सात कडव्यांची साखळी

महाराष्ट्रात सहावीच्या इतिहासात प्राचीन भारत येतो, सातवीत मध्ययुगीन आणि आठवीत आधुनिक. म्हणजे सातवीचे मूल मधल्या पायरीवर उभे असते. मागच्या वर्षीची घराणी पुसट होऊ लागलेली असतात आणि पुढची अजून आलेली नसतात. अशा वेळी सगळा क्रम एका दमात म्हणता येईल अशी कविता हाताशी असली, तर प्रत्येक नवा धडा कुठे बसतो ते लगेच कळते.

मात्र नुसती यमके जुळवून भागत नाही. दोन ओळींचे एक यमक, अशा सुट्या जोड्या केल्या की मुले कोणती जोडी आधी आणि कोणती नंतर हेच विसरतात, कारण जोड्यांची अदलाबदल झाली तरी चाल बिघडत नाही. क्रम टिकवायचा तर भेंड्यांसारखी रचना हवी : जिथे एक संपते तिथूनच दुसरे सुरू. खालची कविता त्याच बेताने, आठ-आठ अक्षरांच्या ओळींत बांधली आहे.

सातवाहनांच्या मागे
वाकाटक झाले थोर,
वाकाटक मावळता
चालुक्यांचा आला जोर.

चालुक्यांना हरवून
राष्ट्रकूट वर चढे,
राष्ट्रकूट ढासळता
कल्याणीचे येती पुढे.

कल्याणीचे थकताच
देवगिरी यादवांची,
यादवांचा अंत होता
सत्ता आली खलजींची.

खलजींच्या मागोमाग
तुघलक आले खाली,
तुघलकां झुगारून
बहमनी उभी झाली.

बहमनी फुटताच
पाच शाह्या आल्या वर,
शाह्यांपुढे शिवराय
छत्रपती गडावर.

छत्रपतींच्या मागून
पेशव्यांचे पुणे चाले,
पेशवाई बुडवून
इंग्रजांचे राज्य आले.

इंग्रजांना घालवून
देश झाला हा स्वतंत्र,
स्वतंत्र या देशातच
मराठीचा महाराष्ट्र.

प्रत्येक कडव्याच्या शेवटी आलेली सत्ता पुढच्या कडव्याच्या तोंडी येते. त्यामुळे मूल कुठेही अडले तरी शेवटचे नाव पुन्हा उच्चारताच पुढची ओळ हाती लागते.

सर्वांत जास्त घोटाळा चालुक्यांपाशी होतो. इसवी सन 753 च्या सुमारास दंतिदुर्गाने बदामीच्या चालुक्यांचा पराभव केला आणि राष्ट्रकूटांची सत्ता सुरू झाली. वेरूळचे कैलास लेणे याच राष्ट्रकूटांच्या काळातले. पुढे 973 मध्ये दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांना हटवले आणि तोही स्वतःला चालुक्यच म्हणवत होता. एकच नाव दोनदा आले की मुले साखळीतून राष्ट्रकूटांना सरळ गाळून टाकतात : पहिल्या चालुक्यांवरून उडी मारून थेट यादवांवर पोहोचतात. म्हणून कवितेत दुसऱ्या वेळी ‘चालुक्य’ हा शब्दच नाही. तिथे राजधानीचे नाव आहे, ‘कल्याणीचे’. हे मुंबईजवळचे कल्याण नव्हे, कर्नाटकातले बसवकल्याण, हे मात्र शिकवताना सांगावेच लागते.

क्रियापदेही निवडून घातली आहेत, कारण सत्ता दर वेळी एकाच रीतीने बदलत नाही. दिल्लीविरुद्ध दख्खनच्या सरदारांनी बंड केले आणि 1347 मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, म्हणून ‘झुगारून’. बहमनी आतूनच मोडली, म्हणून ‘फुटताच’. शाह्यांपाशी मात्र ‘संपताच’ लिहिले असते तर ते खोटे ठरले असते. शिवरायांचा राज्याभिषेक 1674 चा, आणि विजापूरची आदिलशाही 1686 मध्ये औरंगजेबाने बुडवली. म्हणजे रायगडावर छत्र धरले गेले तेव्हा विजापूरला सुलतान होताच. म्हणून ‘शाह्यांपुढे’.

कवितेची मर्यादाही इथेच आहे. ती सत्तांना एकापाठोपाठ एक उभे करते, पण इतिहासात त्या शेजारी शेजारीही होत्या. राष्ट्रकूटांच्या काळात कोकणात शिलाहार होते, ते साखळीत बसत नाहीत. वाकाटक आणि बदामीचे चालुक्य यांच्यामध्ये काही दशकांची फट आहे, ती कविता झाकून टाकते. पेशव्यांच्या काळातही साताऱ्याला छत्रपती होतेच. हे मुलांना सांगितले नाही, तर एक राजा गेला की दुसऱ्या सकाळी दुसरा आला, असे चित्र त्यांच्या मनात पक्के होते.

पाठ झाले की नाही हे सुरुवातीपासून म्हणवून घेऊन कळत नाही, कारण चालीवर तोंड आपोआप चालते. ‘देवगिरी’ म्हणून थांबावे आणि आधी कोण, नंतर कोण असे विचारावे. मूल पहिल्या ओळीपासून पुटपुटत आले, तर चाल पाठ झाली आहे, क्रम अजून नाही. अशा मुलाला रोज वेगळ्या कडव्यापासून सुरुवात करायला लावावी. त्यानंतर 753, 973, 1347, 1674, 1818 आणि 1960 एवढीच वर्षे त्या-त्या ओळीशेजारी वहीत लिहून घ्यावीत. सगळ्या सनावळ्या एकदम घातल्या की चाल मोडते. शेवटी वहीत शतकांची आडवी पट्टी आखून सत्तांची नावे भरून घ्यावीत. सतराव्या शतकाच्या चौकटीत आदिलशाही, मुघल आणि स्वराज्य ही तिन्ही नावे एकाखाली एक लिहावी लागतात, आणि मुघल आपल्या कवितेत आलेच नाहीत हे मुलांच्याच लक्षात येते.