करमळ खाल्ल्यावर न थांबणारी उचकी

कोकणात आणि गोव्यात मीठ-तिखट लावून खाल्लं जाणारं करमळ, म्हणजेच कमरख किंवा स्टार फ्रूट, निरोगी माणसाने एखाद-दुसरं खाल्लं तर सहसा काही होत नाही. पण मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाच्या जिवावर ते बेतू शकतं. अर्ध्या फळानेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

तिची सुरुवात फसवी असते. डायलिसिसवर असलेला रुग्ण संध्याकाळी करमळ खातो आणि काही तासांत त्याला उचकी लागते. पाणी पिऊन, श्वास रोखून ती थांबत नाही. घरच्यांना वाटतं, पित्त झालं असेल. मग उलट्या, हातापायांत अशक्तपणा, अस्वस्थता, झोप उडणं. पुढे रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. ग्लानी आणि झटके आले की प्रकरण फार गंभीर झालेलं असतं.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी असे रुग्ण १९९०च्या दशकापासून नोंदवले. बराच काळ संशय ऑक्झॅलेटवर होता, कारण फळात ते भरपूर असतं. पण मेंदूवरचे हे परिणाम त्याने नीट उलगडत नव्हते. २०१३ साली साओ पावलो विद्यापीठाच्या संशोधकांनी फळातून एक वेगळा रेणू शोधून काढला आणि त्याला ‘कॅरॅम्बॉक्सिन’ नाव दिलं. त्याची रचना फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लासारखी आहे. मेंदूतल्या पेशींना चेतवणारे ग्लुटामेटचे ग्राहक तो उद्दीपित करतो. पेशी गरजेपेक्षा जास्त चेतवल्या जातात आणि झटके येतात. निरोगी मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. ती काम करत नसली की तो रक्तात साठतो आणि मेंदूपर्यंत पोचतो.

ऑक्झॅलेट मात्र निर्दोष सुटलेलं नाही. त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतात. उपाशीपोटी किंवा अंगातलं पाणी कमी झालेलं असताना करमळाचा भरपूर रस प्यायल्याने धडधाकट माणसाचीही मूत्रपिंडं अचानक बिघडल्याची उदाहरणं आहेत. करमळाचंच भावंड असलेल्या बिंबलाच्या रसानेही केरळात असंच घडलं आहे. साखर किंवा कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून असे रस पिणाऱ्यांची मला खरी काळजी वाटते. मधुमेहात मूत्रपिंडं हळूहळू खराब होत जातात, आणि बरेचदा क्रिएटिनिन तपासेपर्यंत त्याचा पत्ताच नसतो.

विषबाधेवर खरा उपाय म्हणजे तातडीचं हीमोडायलिसिस. पोटातून केलेलं डायलिसिस इथे अपुरं पडतं. एकदा रक्त शुद्ध झालं तरी शरीरातल्या इतर भागांतलं विष पुन्हा रक्तात उतरू शकतं, म्हणून ते लागोपाठ करावं लागतं. उचकीच्या टप्प्यावर उपचार मिळालेले रुग्ण बहुधा बरे होतात. झटके सुरू झाल्यावर पोचलेल्यांपैकी अनेक वाचत नाहीत. त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला उचकी लागली, की नातेवाइकांनी डॉक्टरांना आधी सांगावं ते हेच, की त्याने करमळ खाल्लं होतं का, किती आणि केव्हा.