ताई गुरुवारी येणार आहेत

आमच्या शाखेच्या धर्मार्थ चिकित्सालयात गेली अनेक वर्षे आठवड्यातून दोन दिवस रुग्ण तपासणाऱ्या एक ज्येष्ठ वैद्या आठ महिन्यांच्या वैद्यकीय रजेनंतर कामावर परतणार असल्याचे कार्यकारिणीस समजले. शाखेच्या वतीने त्यांना स्वागताचे पत्र पाठवावे असे ठरले आणि मसुदा तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. काम सोपे वाटले होते. प्रत्यक्षात तीन मसुदे करावे लागले, आणि त्यांतील पहिला आम्ही आता संकोचानेच आठवतो. वैद्यबंधू-भगिनींवर व औषधालयचालकांवर असा प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच, म्हणून त्याची हकिगत येथे देत आहोत.

पहिल्या मसुद्यात आम्ही लिहिले होते : "ईश्वरकृपेने आपण दुर्धर व्याधीवर मात केलीत. आपली प्रकृती आता पूर्ववत झाली असेल, अशी आशा आहे. आपल्या अनुपस्थितीत रुग्णांचे फार हाल झाले. यापुढे बल्य व रसायन औषधांचे सेवन आपण अवश्य चालू ठेवावे."

चारही वाक्ये सद्भावनेने लिहिलेली होती आणि चारही चुकलेली होती. व्याधी कोणती, हे ताईंनी शाखेस कळविलेले नव्हते. रजेच्या अर्जात 'वैद्यकीय कारणास्तव' एवढेच शब्द होते. तेव्हा 'दुर्धर' हे विशेषण आम्ही कोठून आणले? दुसरे वाक्य वरवर आशेचे, पण आतून प्रश्नच आहे. वाचणाऱ्याने एक तर 'होय, पूर्ण बरी आहे' असे खोटे सांगावे, नाहीतर खरे काय ते उलगडावे, असा पेच ते निर्माण करते. दीर्घ आजारातून उठलेले बहुतेक लोक पूर्ववत नसतात. ते निराळ्या बलावर, निराळ्या दिनचर्येवर कामाला परततात. तिसऱ्या वाक्याने आजारी पडल्याचा दोष नकळत त्यांच्याच पदरी घातला.

चौथे वाक्य मात्र खास आपल्या व्यवसायाचे. समोर सहकारी आला, की आपली नजर प्रथम त्याच्या त्वचेकडे, नखांकडे, उतरलेल्या चेहऱ्याकडे जाते आणि हात नाडीकडे वळतो. ज्यांचा अग्नी आम्ही पाहिला नाही, चालू औषधे आम्हांस ठाऊक नाहीत, त्यांना आम्ही रसायन सुचवीत होतो! बाह्यरुग्ण विभागात एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर आम्हीच त्याला चार शब्द सुनावले असते. शिवाय त्यात आणखी एक बोच होती. दीर्घ आजारात अनेक वैद्य शस्त्रक्रिया वा आधुनिक चिकित्सा घेतात. त्यानंतर परतलेल्या सहकाऱ्यास 'मग आपले औषध घेतले नाहीत का?' असे विचारणारे आपल्यांत कमी नाहीत. आमचे रसायनाचे वाक्य त्याच प्रश्नाची सौम्य आवृत्ती होती.

कार्यकारिणीच्या बैठकीत मसुदा वाचला, तेव्हा औषधालय चालविणारे एक सभासद एवढेच म्हणाले, "दुर्धर हा शब्द काढा." कारण त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. उलगडा नंतर झाला. औषधांची यादी ज्यांच्या दुकानात जाते, त्यांना न सांगताही पुष्कळ कळत असते. ते ज्या बैठकीस उपस्थित आहेत, तेथून निघालेल्या पत्रात आजाराविषयी एक शब्द जरी आला, तरी तो त्यांच्याच दुकानातून फुटला असे वाचणाऱ्यास वाटू शकते. रुग्णाच्या घरात कळलेले बाहेर नेऊ नये, ही शिष्याला दिलेली आज्ञा चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आपण सर्वांनी वाचलेली आहे. गल्ल्यावर कळलेल्या गोष्टीसही ती लागू आहे.

दुसऱ्या मसुद्यात आम्ही आजाराचा उल्लेख पूर्णपणे गाळला, पण मग पत्र एखाद्या कार्यालयीन सूचनेसारखे कोरडे झाले. जिव्हाळा आणायचा कोठून? विचारान्ती लक्षात आले, की विचारपूस शरीराची न करता कामाची करावी. त्यांची जागा राखलेली आहे, पहिल्या दिवसाचा भार बेताचा आहे आणि मधल्या काळातले बदल कोणीतरी समजावून देणार आहे, हे तपशिलाने सांगितले की ओलावा आपोआप येतो. प्रधान शुद्धीनंतर पेयेपासून मांसरसापर्यंत बारा अन्नकालांचा संसर्जन क्रम आपण रुग्णास काटेकोरपणे पाळावयास लावतो. सहकारी परतला की मात्र पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे साठ केसपेपर ठेवतो.

अखेर गेलेले पत्र असे होते :

"आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.
गुरुवारपासून आपण चिकित्सालयात येणार, हे समजल्यापासून आम्ही सर्वजण आनंदात आहोत. आपले टेबल खिडकीशेजारी होते तेथेच आहे. गुरुवारी आपल्या नावाच्या दहाच चिठ्ठ्या निघतील. पुढील संख्या आपण सांगाल त्याप्रमाणे. केसपेपरचा नमुना बदलला आहे, तो कंपाउंडर दाखवतील. पंचकर्म विभागाची देखरेख सध्या दुसऱ्या वैद्यांकडे आहे. ती केव्हा परत घ्यावी हे आपण ठरवावे. एखादे काम नको असल्यास तेवढे कळवावे, कारण लिहिण्याची आवश्यकता नाही. काही न कळविल्यास वरीलप्रमाणेच व्यवस्था राहील. मासिक सभेत आपल्या आगमनाचा उल्लेख आपली संमती असल्यासच करू.
भेटीची वाट पाहत आहोत."

यातील 'काही न कळविल्यास' हे वाक्य फार उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. त्यामुळे उत्तराचे ओझे राहत नाही आणि गप्प राहण्याचाही मान राखला जातो. सभेबाबतची संमती विचारणेही आवश्यक होते. सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने स्वागत लिहिले, की तासाभरात 'काय झाले होते?' असा प्रश्न कोणीतरी टाकतोच, आणि मग उत्तर सर्वांसमोर द्यावे लागते. म्हणून पत्र बंद पाकिटात, थेट त्यांच्याच हाती दिले.

रुग्णांचे काय, हा प्रश्न उरला होता. ते खिडकीशी येऊन विचारणारच. कंपाउंडरना एकच वाक्य ठरवून दिले : "ताई गुरुवारी दहा वाजता बसतील." यापुढे कोणी खोदून विचारलेच, तर तेच वाक्य पुन्हा सांगावयाचे. पहिल्या दिवशी एका आजींनी ते तीनदा ऐकले आणि चिठ्ठी घेऊन बाकावर जाऊन बसल्या.

या सगळ्याला एक मर्यादाही आहे. काहींना बोलावयाचे असते, आणि आपण फारच जपून वागलो तर त्यांना ते परकेपणाचे वाटते. अशा वेळी विषय त्यांनी काढू द्यावा, आपण खुर्ची जवळ ओढून ऐकावे आणि तेथेही औषध सुचवू नये. एकदा काही सांगितले म्हणजे पुढच्या भेटीत त्याची चौकशी करण्याची परवानगी मिळाली, असेही नव्हे.

ताईंचे उत्तर चौथ्या दिवशी आले. दहाऐवजी बारा चिठ्ठ्या चालतील, उंच पाठीची खुर्ची मिळाल्यास बरे, सभेतील उल्लेख नको, एवढेच त्यात होते. आणि खाली ताजा कलम : गेल्या अंकात शंखपुष्पी म्हणून छापलेले चित्र विष्णुक्रांतेचे आहे. चूक आमची. दुरुस्ती याच अंकात 'वनौषधी परिचय' सदरात दिली आहे.