कार्ट्रिजवरची ती छोटी चिप: शाई संपली असं नक्की कोण ठरवतं?

आजच्या भागाचं हे लेखी रूप, थोडं आवरून-सावरून. कानाला हेडफोन लावायला वेळ नसेल तर वाचून काढा.

गोष्ट आमच्या आत्याच्या दुकानातली. कराडला कॉलेजजवळ तिचं छोटंसं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जूनमध्ये, ऐन अ‍ॅडमिशनच्या गर्दीत, तिचा फोन आला. "अरे, काळी शाई परवाच भरून आणली, आणि हा प्रिंटर म्हणतोय कार्ट्रिज रिकामं आहे. भरणाऱ्याने फसवलं का रे मला?"

मी विचारलं, "प्रिंट येतेय का?"

"येतेय की. चांगली काळीकुट्ट येतेय."

म्हणजे शाई होती, तरी प्रिंटर नाही म्हणत होता. हा काय प्रकार, तिथूनच सुरुवात करू.

आत्याच्या इंकजेट प्रिंटरमध्ये चार वेगवेगळी कार्ट्रिजेस बसतात आणि शाई उडवणारं हेड मशीनमध्येच असतं. प्रत्येक कार्ट्रिजवर सोनेरी ठिपक्यांची एक छोटी पट्टी दिसते, तीच चिप. आपल्याला वाटतं ती शाई मोजते. बहुतेक वेळा तसं नसतं. आपण किती थेंब उडवले हे प्रिंटर मोजतो, त्यावरून अंदाज बांधतो आणि तो आकडा चिपच्या मेमरीत लिहितो. आपल्या भाषेत सांगायचं तर तो एक काउंटर आहे. सुईने शाई भरली तरी काउंटर मागे जात नाही, म्हणून भरलेलं कार्ट्रिजही "रिकामं". बऱ्याच प्रिंटरमध्ये ही सूचना ओके करून पुढे जाता येतं. काहींत चिप रिसेट करावी लागते किंवा बदलावी लागते.

मग चिपशिवाय छपाई होऊच शकत नाही का? याचं उत्तर एका मोठ्या कंपनीनेच देऊन ठेवलंय. २०२२ च्या सुरुवातीला जगभर चिपटंचाई होती, तेव्हा कॅननने ऑफिसातल्या काही मोठ्या मशीनसाठी चिप नसलेली टोनर कार्ट्रिजेस पाठवली. मशीन ती ओळखेना, तेव्हा ती सूचना कशी ओलांडायची हेही त्यांनीच ग्राहकांना सांगितलं. छपाईच्या दर्जावर परिणाम नाही, फक्त टोनर किती उरलाय हे नीट दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण म्हणून चिप अगदी बिनकामाची, असंही नाही. ज्या हेडमध्ये शाई तापवून थेंब उडवतात, तिथे तीच शाई हेडला थंडही ठेवते. काउंटर खोटा पडल्यावर तुम्ही कोरडं कार्ट्रिज चालवत राहिलात तर हेड जळू शकतं. आत्याला मी सोपा उपाय दिला: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर भरलेलं कार्ट्रिज तोलून आकडा लिहून ठेव. शाईचा एक मिलिलिटर म्हणजे साधारण एक ग्रॅम. वजन उतरलं की शाई उतरली.

आता कंपॅटिबल. रिफिल म्हणजे जुन्या मूळ कार्ट्रिजमध्ये नवी शाई. कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्याच कंपनीने बनवलेलं अख्खं कार्ट्रिज, तिच्या स्वतःच्या चिपसकट. ही चिप मूळ चिपची नक्कल करते. प्रिंटर प्रश्न विचारतो, ती बरोबर उत्तर देते, काम सुरू. पण फर्मवेअर अपडेट आलं आणि प्रश्नच बदलला, तर कालपर्यंत चालणारं कार्ट्रिज आज नाकारलं जातं. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरनी अशी बाहेरची कार्ट्रिजेस अचानक नाकारली. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने आधी नीट न सांगितल्याबद्दल माफी मागितली आणि ती अडवणूक काढणारं फर्मवेअर दिलं.

आत्याने रंगीत कार्ट्रिजेस कंपॅटिबल घेतली होती. जुलैमध्ये एका सकाळी तीही अशीच बंद पडली. रात्री आपोआप अपडेट झालं होतं. शाई तीच, कार्ट्रिज तेच. ऑटो अपडेट बंद ठेवता येतं, पण मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत, हे लक्षात ठेवा. मी तिला दुकानदाराकडून नव्या चिपची कार्ट्रिजेस बदलून घ्यायला सांगितलं. चांगले दुकानदार देतात बदलून. घेण्याआधीच विचारून ठेवायचं.

चिपचा त्रास लगेच दिसतो. शाईचा उशिरा दिसतो, आणि आत्याला तोच जास्त महागात पडला. एक मुलगा उत्पन्नाच्या दाखल्याची प्रिंट घेऊन भर पावसात गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. अक्षरं ओघळलेली. कारण काय? शाई दोन प्रकारची असते. डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. आत्याच्या प्रिंटरचं काळं कार्ट्रिज पिगमेंटचं होतं आणि रिफिलवाल्याने त्यात डाय भरली होती. साध्या कागदावर डाय पसरते, त्यामुळे अक्षराच्या कडा केसाळ दिसतात आणि पाणी लागलं की ओघळतात. घरी तपासायचं असेल तर प्रिंट एक दिवस वाळू द्या आणि अक्षरांवर पाण्याचा थेंब टाका. डाय असेल तर डाग पसरेल, पिगमेंट बऱ्यापैकी जागेवर राहील. उलटी चूक, म्हणजे डायसाठी बनलेल्या हेडमध्ये पिगमेंट, तर हेड तुंबवू शकते. म्हणून रिफिल करताना "काळी द्या" एवढंच म्हणू नका, प्रिंटरचं मॉडेल आणि शाईचा प्रकार सांगा.

दोन वेगळ्या शाया एकत्र आल्याचा परिणाम पुढे दिसलाच. ऑगस्टमध्ये काळ्या अक्षरांतून पांढऱ्या रेघा जायला लागल्या. नॉझल चेक काढला, तर जाळीत दर वेळी त्याच जागी खंड. हेड क्लीनिंग दोनदा केलं, रात्रभर थांबून पुन्हा एकदा केलं. त्यापलीकडे करत बसू नका, प्रत्येक क्लीनिंग शाई पिते. मग मूळ कार्ट्रिज लावून पाहिलं. खंड तसाच. म्हणजे दोष कार्ट्रिजचा नाही, हेडमध्येच गेलाय.

प्रिंटर वॉरंटीत होता. "बाहेरची शाई वापरली म्हणजे वॉरंटी गेली" असं सगळे सांगतात. आपल्या प्रिंटरचं वॉरंटी कार्ड वाचा. एचपीच्या वॉरंटीत, उदाहरणार्थ, स्पष्ट लिहिलेलं असतं की बाहेरचं किंवा रिफिल केलेलं कार्ट्रिज वापरल्याने वॉरंटीला बाधा येत नाही, पण बिघाड त्याच कार्ट्रिजमुळे झाला असेल तर दुरुस्तीचे पैसे घेतले जातील. म्हणजे खरा प्रश्न "काय वापरलं" हा नाही, "कशामुळे बिघडलं" हा आहे.

आत्याच्या कार्डावर साधारण हेच होतं. सर्व्हिसवाल्याने हेड तपासून शाईमुळे तुंबल्याचं लेखी दिलं, आणि हेडचे पैसे तिला भरावे लागले. चूक आमचीच होती. पण दिवाळीनंतर कागद ओढणारा रोलर गेला, तेव्हा पुन्हा "बाहेरची शाई" हे कारण पुढे आलं. आत्याने शांतपणे विचारलं, "दादा, शाईमुळे रोलर कसा घसरतो, तेवढं कागदावर लिहून द्या." रोलर फुकट बदलून मिळाला.

आता तिचं ठरलंय: काळी शाई मूळ कंपनीची, कारण दाखले टिकले पाहिजेत, रंगीत कंपॅटिबल, आणि एक मूळ कार्ट्रिजचा संच तपासणीसाठी कपाटात.

तुमच्याकडे काय झालं ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!