फोनच झाला कीबोर्ड

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला आणि माणूस पलंगावर बसला, की माउसपॅड हाताच्या टप्प्यात राहत नाही. कधी चहा सांडून लॅपटॉपच्या निम्म्या कळा बंद पडलेल्या असतात. अशा वेळी हातातला फोनच कीबोर्ड, टचपॅड किंवा रिमोट म्हणून चालवता येतो. हे करण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण टाइप केलेले अक्षर नेमके कोण ठरवते, फोन की संगणक, याची उत्तरे दोन्हींत वेगळी आहेत. बहुतेक अडचणींचे मूळ तिथे सापडते.

पहिली पद्धत ब्लूटूथची. तिच्यात फोन संगणकाला आपली ओळख कीबोर्ड आणि माउस अशी करून देतो. संगणकावर काहीही बसवावे लागत नाही, कारण बाजारातला कोणताही ब्लूटूथ कीबोर्ड जोडावा तसाच तो फोन जोडतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय अ‍ॅप बनवणाऱ्यांना 2018 साली, आवृत्ती 9 पासून खुली झाली. काही कंपन्यांनी मात्र आपल्या फोनमध्ये ती बंद ठेवली आहे, त्यामुळे तीच आवृत्ती असूनही एका फोनवर अ‍ॅप चालते आणि दुसऱ्यावर नाही.

इथे हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे जोडणीचा क्रम. हे उपकरण काय काय करू शकते, याची यादी संगणक जोडणी करतानाच वाचून ठेवतो. फोटो पाठवायला फोन आधीच जोडलेला असेल, तर त्या यादीत कीबोर्ड नसतो. मग दोन्हीकडे ‘जोडलेले’ असे दिसते आणि अक्षर काही उमटत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंची जुनी जोडणी पुसून टाकावी, फोनवर कीबोर्डचे अ‍ॅप उघडे ठेवावे आणि मगच नव्याने जोडावे.

आता मराठी टाइप करायचे म्हटले तर? फोनवर मराठी कीबोर्ड उघडून ‘म’ दाबला, तर ब्लूटूथ पद्धतीत तो बहुधा संगणकापर्यंत पोचतच नाही. कारण खरा कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, तो कळेचा क्रमांक पाठवतो. त्या कळेचे अक्षर कोणते, हे संगणकावर निवडलेली भाषा ठरवते. कळांच्या क्रमांकांच्या यादीत ‘म’ नावाची कळ नाहीच. म्हणून फोनवर कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि मराठी संगणकावर निवडायची. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आधी सेटिंगमध्ये जोडून घ्यावा, नंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून तो निवडता येतो. ही मांडणी इन्स्क्रिप्टची असते. आता फोनवर इंग्रजी कळा या क्रमाने दाबल्या, की पडद्यावर ‘मराठी’ उमटते:

```
c j e " r
```

`c` म्हणजे म, `j` म्हणजे र, `e` म्हणजे काना, शिफ्टसह अवतरणाची कळ म्हणजे ठ आणि `r` म्हणजे दीर्घ वेलांटी. शासकीय कचेऱ्यांत इन्स्क्रिप्टवर हात बसलेल्यांना हे लगेच जमेल. ज्यांना फोनवर ‘marathi’ लिहून ‘मराठी’ मिळवायची सवय आहे, त्यांना मात्र ही पद्धत नकोशी वाटेल आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

त्यांच्यासाठी दुसरी पद्धत बरी. ती वाय-फायवर चालते. फोनवर एक अ‍ॅप आणि संगणकावर त्याचा जोडीदार प्रोग्राम, असे दोन भाग लागतात. केडीई कनेक्ट हे त्यातले फुकट आणि मुक्त स्रोत असलेले नाव. ते मूळचे लिनक्सचे, पण विंडोजवरही चालते. इथे फोन कळेचा क्रमांक नव्हे तर मजकूरच निरोप म्हणून पाठवतो आणि संगणकावरचा प्रोग्राम तो पडद्यावर उतरवतो. म्हणजे अक्षर फोनवरच ठरलेले असते, आणि फोनचा नेहमीचा मराठी कीबोर्ड उपयोगी पडण्याची शक्यता असते. शक्यता म्हणायचे कारण असे, की तो मजकूर पडद्यावर उतरवणे शेवटी त्या प्रोग्रामच्या कुवतीवर आहे. जोडाक्षरे तुटत असतील, तर एकेक अक्षर न पाठवता पूर्ण वाक्य फोनवर लिहून एकदम पाठवण्याची सोय वापरून पाहावी.

आयफोनवालेही बहुतेक याच वाटेने जातात, कारण तिथे साध्या अ‍ॅपला ब्लूटूथ कीबोर्डचे सोंग घेता येत नाही.

वाय-फाय पद्धतीचा नेहमीचा बिघाड म्हणजे फोनला संगणक दिसतच नाही. दोन्ही एकाच राउटरवर हवेत, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हॉटेल, वसतिगृह किंवा घरातलेच पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय यांत बऱ्याचदा एका उपकरणाला दुसरे दिसू नये अशी तजवीज केलेली असते. तिथे इंटरनेट छान चालते, जोडणी मात्र होत नाही. असे असेल, तर एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून त्याच्यावर संगणक घेणे हा झटपट उपाय. घरच्या राउटरवरही असेच होत असेल, तर संशय विंडोजच्या फायरवॉलवर घ्यावा. ते वाय-फाय `Public` म्हणून नोंदलेले असेल, तर ते `Private` करून पाहावे. केडीई कनेक्टला 1714 ते 1764 हे पोर्ट मोकळे लागतात.

आणखी एक फरक लॉगिनच्या पडद्यावर कळतो. वाय-फायचा जोडीदार प्रोग्राम सहसा वापरकर्ता आत शिरल्यावरच सुरू होतो, म्हणून पासवर्ड टाकायला तो उपयोगाचा नाही. आधीच जोडलेला ब्लूटूथ फोन तिथे सहसा चालतो. चहा सांडलेल्या लॅपटॉपला म्हणूनच ब्लूटूथ बरे, फक्त पहिली जोडणी माउसने किंवा पडद्यावरच्या कीबोर्डने करून घ्यावी लागते.

टचपॅडबद्दल थोडे. फोनच्या काचेवर बोट कुठे टेकले हे संगणकाला कळत नाही, ते किती आणि कुठल्या बाजूला सरकले एवढेच कळते. त्यामुळे काचेच्या कोपऱ्यात बोट ठेवले म्हणून बाण पडद्याच्या कोपऱ्यात जात नाही. बोट उचलून पुन्हा सरकवत न्यावे लागते, लॅपटॉपच्या टचपॅडवर करतात तसेच.

टीव्हीचे काम बरेच सोपे. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही असेल, तर दोन्ही एकाच वाय-फायवर ठेवून फोनच्या गूगल टीव्ही अ‍ॅपमधला रिमोट उघडायचा आणि टीव्ही निवडायचा. टीव्हीच्या पडद्यावर एक कोड येतो, तो फोनवर टाकला की जोडणी झाली. खरा फायदा शोधाच्या चौकटीत दिसतो. बाणाने एकेक अक्षर गाठत नाव लिहिण्याऐवजी फोनचा कीबोर्ड वापरता येतो. मर्यादा एकच, टीव्ही मुख्य बटणावरून बंद असेल तर त्याचे वाय-फायही बंद असते, मग फोन त्याला उठवू शकत नाही.

जुन्या टीव्हीला आणि बऱ्याचशा सेट टॉप बॉक्सना वाय-फाय नसतेच. त्यांना इन्फ्रारेड दिवा असलेला फोन लागतो. शाओमीच्या अनेक फोनमध्ये तो वरच्या कडेला असतो. अ‍ॅपमध्ये कंपनी निवडून एकेक संकेत आजमावायचे आणि टीव्ही ज्याला दाद देईल तो ठेवायचा. हा संवाद एकतर्फी आहे, टीव्ही उलट काही सांगत नाही. फोनचा दिवा खरेच लागतो का, हे दुसऱ्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावे. बटण दाबताना फिकट जांभळा ठिपका लुकलुकला तर फोन ठीक आहे, मग अ‍ॅपमध्ये टीव्हीची कंपनी बदलून पाहायची.

संगणकाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. कीबोर्ड म्हणून जोडलेला फोन ज्याच्या हाती असेल, तो त्या संगणकावर काहीही टाइप करू शकतो, आणि संगणक त्यावर शंका घेत नाही. 2023 च्या डिसेंबरात मार्क न्यूलिन या संशोधकाने दाखवून दिले, की अँड्रॉइड, लिनक्स आणि अ‍ॅपलच्या उपकरणांना मालकाच्या संमतीविना बनावट ब्लूटूथ कीबोर्ड जोडता येत होता. त्यावर दुरुस्त्या निघाल्या, पण ज्या जुन्या उपकरणांना त्या मिळाल्याच नाहीत, त्यांचे ब्लूटूथ काम झाले की बंद करावे. फोन विकण्याआधी किंवा कुणाला देण्याआधी संगणकाच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकावे.