अमेरिकेहून लॅपटॉप मागवताना

अमेरिकेतल्या मामाला ‘थिंकपॅड ई१४ आणा’ एवढंच कळवलं, तर दुकानात गेल्यावर तो अडकतो. या एकाच नावाखाली वेगवेगळ्या पिढ्यांचे, इंटेलचे आणि एएमडीचे असे बरेच लॅपटॉप विकले जातात. म्हणून निरोप असा हवा: ‘मामा, थिंकपॅड ई१४, पाचवी पिढी, एएमडी रायझन ७, रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. हाच मिळाला नाही, तर एसएसडी २५६ची चालेल, पण रॅम कमी नको.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. एसएसडी बहुतेक लॅपटॉपांत मागाहून बदलता येते. रॅम मात्र अनेक पातळ लॅपटॉपांत मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती जन्मभर तेवढीच राहते.

खरी धास्ती असते ती व्होल्टेजची. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची वीज येते, भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. लॅपटॉप जळेल या भीतीने काही जण जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन ठेवतात, तो बहुधा अनाठायी खर्च. चार्जरच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत `INPUT: 100-240V~ 50/60Hz` असं छापलेलं असेल, तर तो दोन्ही देशांत चालतो. लॅपटॉपला लागणारं व्होल्टेज तो स्वतःच तयार करतो. मामाने या ओळीचा फोटो पाठवला की शंका मिटते.

अडचण येते ती वायरीची. तिकडची पिन चपटी असते, आपल्या गोल भोकांच्या सॉकेटात बसत नाही, आणि त्या वायरीवर अनेकदा 125V असा शिक्का असतो. चार्जरला तीन पाकळ्यांच्या तोंडाची सुटी वायर लागत असेल, तर आयएसआय खुणेची भारतीय तीन पिनांची वायर इथे सहज मिळते. दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर भागवलं, तर अर्थिंग तुटतं आणि धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावताना बारीक झिणझिण्या येऊ शकतात. चार्जर थेट भिंतीत बसणारा असेल, तर मात्र कन्व्हर्टरला पर्याय नाही. तिकडचा एक्स्टेन्शन बोर्ड तर मागवूच नये. तो १२५ व्होल्टचा असतो आणि त्यातला सर्ज प्रोटेक्टर २३० व्होल्टवर जळू शकतो.

वॉरंटी भारतात लागू होते का, हे पैसे देण्याआधीच त्या मॉडेलपुरतं विचारायला सांगावं. प्रवासात लॅपटॉप हातातल्या बॅगेत असावा, कारण त्यात लिथियम बॅटरी असते.

कस्टम्समध्ये अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. मामा स्वतःचाही घेऊन येत असेल, तर दुसऱ्याबद्दल विचारणा होऊ शकते. सोबत मामीही येत असेल आणि तिच्याकडे लॅपटॉप नसेल, तर नवा तिच्या बॅगेत ठेवायला आणि बिल जवळ बाळगायला निरोपातच सांगून ठेवावं.